मॉर्फिनचा हिशोब कॅलेंडरवर, दुखण्याचा वहीत, की दोन्ही एकाच चार्टवर?

मी इंदूरात घरी जाऊन कॅन्सरचे पेशंट बघते, नर्स आहे, आणि दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू झालेल्या घरांतून एक प्रश्न नेहमी येतो की सिस्टर, हे सगळं लिहायचं कुठे. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं लिहून ठेवा, पण कसं ते सांगायला ओपीडीच्या गर्दीत कोणाला वेळ नसतो. मग घरोघरी आपापली पद्धत निघते. तीन पद्धती मला जास्त दिसतात, त्यांची तुलना इथे करतेय. म्हणजे ज्यांच्या घरी आत्ताच गोळ्या सुरू झाल्यात त्यांना ठरवता येईल.

आधी गोळ्यांचं एवढं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरात मॉर्फिनच्या दोन गोळ्या येतात. एक एसआर, ती हळूहळू सुटते, बारा तासांनी घ्यायची, दुखो न दुखो, घड्याळ बघून. दुसरी साधी, लगेच सुटणारी, ती अर्ध्या तासात लागू व्हायला लागते, तासाभरात पूर्ण असर येतो आणि चारेक तास टिकते. एसआर चालू असूनही मध्येच जी जोराची कळ उठते तिला डॉक्टर ब्रेकथ्रू म्हणतात, ही दुसरी गोळी त्या कळेसाठी. पुढे मी हिला मधली गोळी म्हणते, आमच्या पेशंटच्या घरीही हाच शब्द चालतो. मधल्या गोळीचा डोस साधारणपणे दिवसभराच्या एसआरच्या एक षष्ठांश धरतात. दिवसाला एसआर ६० मिलिग्रॅम असेल तर मधली १० ची.

आता पद्धती.

पहिली म्हणजे कॅलेंडर आणि वही. आपल्या मराठी घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतंच, दुधाचा हिशोब, सिलेंडरची तारीख, सगळं त्याच्या चौकटीत, मग गोळ्याही त्यातच. सकाळ टिक, रात्र टिक, आणि खाली "मधल्या ४". दुखण्याचा आकडा मात्र वेगळ्या वहीत, कारण तो पेशंटच्या उशाशी, मुलगी किंवा सून विचारून लिहिते, ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही असं दुखणं.

दुसरी, व्हॉट्सअॅप ग्रुप. मुलगा पुण्याला, मुलगी भोपाळला, आईजवळ सून आणि दिवसाची बाई, मग ग्रुपवर "आत्ता एक दिली, खूप दुखत होतं" असे मेसेज पडतात. चांगली गोष्ट ही की वेळ आपोआप येते. पण मेसेज गोळी देतानाचा आहे की देऊन झाल्यावर तासाभराने आठवण झाली तेव्हाचा, ते कळत नाही, आणि मध्ये मामांचं गुड मॉर्निंग, रिपोर्टचे फोटो, देवाचे फोटो. रिव्ह्यूच्या दिवशी हे सगळं वर सरकवून शोधत बसणं कोणाच्यानेही होत नाही.

तिसरी, एकच चार्ट. एका कागदावर वेळ, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, घेण्याआधी दुखणं किती, तासाभराने किती, तेव्हा काय चाललं होतं, आणि झोपाळूपणा. सगळं एकाच ओळीत.

माझं मत सुरुवातीलाच सांगते म्हणजे लपवाछपवी नको. डोस ठरत असेल तोवर तिसरीच. पण का, ते एका दिवसाचा हिशोब तीनही पद्धतींनी मांडून दाखवते, कारण नुसतं ऐकून हा फरक पटत नाही.

एक दिवस

सुदामानगरातल्या एक मावशी धरा. स्तनाचा कॅन्सर, हाडांत पसरलेला, उजवा खुबा आणि कंबर. एसआर ३० मिलिग्रॅम सकाळी ८ ला आणि रात्री ८ ला, म्हणजे दिवसाला ६०. मधली १० मिलिग्रॅम, लागेल तेव्हा. त्या दिवशी त्यांनी मधल्या चार गोळ्या घेतल्या.

कालनिर्णयावर दिसतं: दोन टिक, "मधल्या ४". वहीत दिसतं: "सकाळी ३, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री ३, पहाटे ७. आंघोळीला फार त्रास." ग्रुपवर दिसतं: पाच मेसेज, त्यातले दोन एकाच गोळीबद्दल, एक सुनेचा आणि एक बाईचा, आणि तिकडे मुलाने मोजल्या पाच गोळ्या.

हे घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे गेलात तर ते काय करतील? त्यांच्यासमोर एवढंच आहे की ६० वर भागत नाही, रोज आणखी ४० लागतात आणि दुखणं ७ पर्यंत जातं. पद्धत अशी असते की मधल्या गोळ्या रोज तीन-चारहून जास्त लागायला लागल्या की मूळ डोस वाढवायचा, आणि वाढवताना मधल्यांची बेरीज त्यात धरायची. ६० अधिक ४० म्हणजे १००. एसआर ५० सकाळी, ५० रात्री. समोर असलेल्या माहितीवर हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

आता तोच दिवस एका चार्टवर बघा, झोपाळूपणाचा रकाना इथे सोडलाय.

| वेळ | गोळी | मिग्रॅ | आधी | तासाने | काय चाललं होतं |
|---|---|---|---|---|---|
| सकाळी ८:०० | एसआर | ३० | ३ | – | पडून |
| ९:४० | मधली | १० | ७ | ३ | आंघोळीला नेलं |
| दुपारी १२:३० | मधली | १० | ७ | ३ | जेवायला खुर्चीत बसवलं |
| ३:०० | – | – | २ | – | पडून, टीव्ही |
| संध्याकाळी ६:१५ | मधली | १० | ६ | ४ | पडूनच, कारण नाही |
| रात्री ८:०० | एसआर | ३० | ४ | – | पडून |
| १०:०० | – | – | ३ | – | झोपायच्या आधी |
| पहाटे ५:३० | मधली | १० | ७ | ४ | झोपेतून दुखून जाग |

गोळ्या त्याच, मिलिग्रॅम तेच. पण आता चार गोळ्या एकसारख्या राहिल्या नाहीत, त्यांचे दोन गट पडले.

सकाळची ९:४० आणि दुपारची १२:३० ही हलवल्यामुळे झालेली कळ आहे. खुब्याच्या हाडात गाठ आहे, वजन पडलं, वळवलं की दुखणार, पडून राहिलं की ३ वर. एसआर कितीही वाढवली तरी ही कळ पूर्ण जात नाही, कारण ती येते दहा-वीस मिनिटांपुरती आणि तिला झाकेल एवढी एसआर दिली तर बाकीचा सगळा दिवस पेशंट गुंगीत. दुपारी ३ ला बघा, दुखणं २ आहे. म्हणजे त्या वेळी औषध पुरेसं आहे, जास्त दिलं तर ते झोपेतच जाणार. हालचालीच्या कळेवर उपाय वेगळा, मधली गोळी कळ आल्यावर देण्याऐवजी आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची. आणि हाडाच्या त्या एका जागेला रेडिएशन देता येईल का हे डॉक्टरांना विचारायचं, बऱ्याचदा एकाच बैठकीत देतात आणि बऱ्याच जणांचं हाडाचं दुखणं त्याने उतरतं, पण असर यायला काही आठवडे लागू शकतात.

संध्याकाळची ६:१५ आणि पहाटेची ५:३० बघा. दोन्ही वेळा मावशी पडलेल्या, कोणी हलवलेलं नाही. आणि दोन्ही वेळा पुढच्या एसआरला पावणेदोन ते अडीच तास उरलेले. मागची एसआर संपत आलीय आणि पुढची यायचीय, मध्ये खड्डा पडलाय. या दोन गोळ्या खरोखर सांगतात की मूळ डोस कमी पडतोय. म्हणजे मूळ डोसमध्ये धरायच्या असतील तर या दोनच, २० मिलिग्रॅम. ६० अधिक २० म्हणजे ८०, एसआर ४० सकाळी, ४० रात्री. गोळ्यांच्या भाषेत ३० ची एक आणि १० ची एक. मधली गोळी नव्या हिशोबाने ८० भागिले ६ म्हणजे १३ च्या आसपास बसते, डॉक्टर १० वरच ठेवतील किंवा १५ करतील, तो त्यांचा निर्णय.

एका पद्धतीने दिवसाला १००, दुसरीने ८०. हा २० मिलिग्रॅमचा फरक सत्तरीच्या बारीक झालेल्या बाईसाठी लहान नाही. शंभरवर त्या दुपारभर झोपल्या असत्या, जेवण चुकलं असतं, आणि आंघोळीला तरीही ओरडल्याच असत्या. मग घरचे म्हणाले असते की एवढं मॉर्फिन देऊनही दुखतंच आहे आणि वर आई बेशुद्धासारखी पडून आहे, बंदच करा. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद झालं की दुखणं परत उसळतं आणि बरेच दिवस रोज घेणाऱ्याला एकदम बंद केल्याचा त्रासही होतो, म्हणून मी म्हणते की चूक तिथे होऊच नये.

वहीवाल्यांचं म्हणणं असतं की वहीतही "आंघोळीला त्रास" लिहिलं होतंच ना. लिहिलं होतं. पण त्या वेळी गोळी दिली होती का, दिली तर उतरलं का, हे कॅलेंडरवर नाही, आणि कॅलेंडरच्या चार गोळ्यांपैकी कोणती आंघोळीची हे वहीत नाही. दोन्ही समोर ठेवून जोडायचं तर वेळ दोन्हीकडे पाहिजे, आणि कॅलेंडरच्या चौकटीत चार वेळा लिहायला जागा नसते.

तासाभरानंतरचा आकडा

चार्टमधला सगळ्यात जास्त रिकामा राहणारा रकाना हाच, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणाराही हाच. गोळी दिली की घरातलं माणूस सुटकेचा श्वास टाकतं आणि कामाला लागतं, तासाने कोण विचारणार. फोनवर अलार्म लावा, फोनचा एवढा उपयोग मला मान्य आहे.

कारण ७ चं ३ झालं याचा अर्थ हे दुखणं मॉर्फिनला दाद देतंय आणि डोस बरोबर आहे. ७ चं ५ झालं आणि पेशंट टक्क जागा आहे, तर मधली गोळी बहुतेक छोटी पडतेय. आणि ७ चं ७ च राहिलं पण डोळे मिटायला लागले, तर थांबायला पाहिजे. अजून एका काकांचं सांगते, पाठीच्या मणक्यात गाठ, पायात वरून खालपर्यंत आग आणि करंट लागल्यासारखं. त्यांच्या चार्टवर सलग सगळ्या ओळींत आधीचा आणि नंतरचा आकडा जवळजवळ सारखा आणि झोपाळूपणा वाढत चाललेला. हे नस दबल्याचं दुखणं, नुसतं मॉर्फिन वाढवून ते आवरत नाही, त्याला गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन किंवा अॅमिट्रिप्टिलिनसारखी नसेची औषधं लागतात आणि कधी सूज उतरवायला स्टेरॉइड. (मणक्याच्या पेशंटच्या पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली, तर मात्र चार्ट बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.) वेगळ्या वहीत काकांचे फक्त सात-सात दिसले असते आणि डोस वाढत गेला असता.

हलवल्यावरच्या कळेची एक भानगड आहे, ती गोळी न घेताही वीस मिनिटांत आपोआप उतरते. म्हणजे ७ चं ३ झालं त्यात गोळीचा वाटा किती हे अशा वेळी नक्की सांगता येत नाही. म्हणून "काय चाललं होतं" हा रकाना पाहिजेच, त्याशिवाय आधी-नंतरचे आकडे फसवतात.

दुखलं पण गोळी घेतली नाही

हे कॅलेंडरवर कधीच येत नाही. कॅलेंडर फक्त दिलेल्या गोळ्या मोजतं. मधल्या शून्य, टिक दोन, डॉक्टर म्हणणार छान आहे. आणि घरी आजोबा ८ दुखणं दाबून भिंतीकडे तोंड करून पडलेत, कारण त्यांना वाटतं सवय लागेल, किंवा आत्ताच घेतली तर शेवटी शेवटी काही उरणार नाही, किंवा सुनेला रात्री उठवायचा संकोच वाटतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांना सहन करायची फार सवय, त्यात "अफूची गोळी" म्हटलं की अजूनच मागे सरतात.

एका चार्टवर दुखण्याची ओळ गोळीशिवायही लिहिता येते, वरच्या टेबलात दुपारी ३ आणि रात्री १० वाजताची आहे तशी. आकडा मोठा आणि गोळीचा रकाना रिकामा असेल तर तिथे कारण लिहा, "नको म्हणाले", "गोळी संपली", "बाईला माहीत नव्हतं". एका ओळीत पूर्ण गोष्ट कळते आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा डोसमध्ये नसतं, बसून बोलण्यात असतं.

चार्ट बनवायचा तर

दिवस सकाळी ८ ते दुसऱ्या सकाळी ८ असा धरा, म्हणजे एसआरपासून एसआरपर्यंत. रात्री बाराला तारीख बदलली की पहाटेची गोळी दुसऱ्या दिवसात जाते आणि एका रात्रीचे दोन तुकडे होतात.

मिलिग्रॅम लिहाच. "एक गोळी" चालणार नाही. एसआर १० ची असते आणि साधीही १० ची असते, पट्टीवर दोन्हीकडे मॉर्फिन १० दिसतं. घाईत रात्री मधलीच्या जागी एसआर दिली गेली तर कळ तासात उतरत नाही, घरचे अजून एक देतात, आणि दोन्हीचा असर काही तासांनी एकत्र येतो. मी दोन वेगळ्या डब्या करायला लावते, एसआरच्या डबीवर घड्याळ काढून आणि मधलीच्या डबीवर नुसता "म". चार्टवरही तेच. आणि एसआर कुटून, चुरून द्यायची नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगून औषधाचा प्रकार बदलायचा.

वेळ खरी लिहा. आठची एसआर सव्वानऊला दिली तर सव्वानऊच लिहा. त्यात कोणाला रागवायचं नसतं, पण संध्याकाळचं दुखणं औषध कमी पडल्याने आलं की गोळी उशिरा मिळाल्याने, हे त्यावरूनच कळतं.

झोपाळूपणाला आकडे नकोत, तीन खुणा पुरे: जागी, डुलक्या घेते पण हाक मारली की नीट बोलते, हाक मारून हलवूनही नीट जागी होत नाही. डोस वाढल्यावर पहिले दोन-तीन दिवस दुसरी खूण येऊ शकते आणि बहुतेकांची ओसरते. तिसरी आली तर पुढची गोळी द्यायची नाही, श्वास मिनिटाला किती ते मोजायचे आणि लगेच फोन करायचा, श्वास संथ झाला असेल, दहाच्या खाली वगैरे, तर सरळ अॅम्ब्युलन्स. हातपाय झटके देतायत, भास होतायत, तेही लिहून त्याच दिवशी कळवा, विशेषतः लघवी कमी झाली असेल तर, किडनी मंदावली की मॉर्फिनचे उरलेले घटक अंगात साठतात.

खाली एक ओळ पोट साफ झालं का याची. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच, त्याची सवय शरीराला होत नाही, रेचक रोज चालू पाहिजे.

आणि शेवटी दिवसाची बेरीज तीन आकड्यांत: एसआर ६०, मधली ४०, एकूण १००. फेन्टानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायचं दुखण्याचं औषध, असेल तर तो या बेरजेत मिसळायचा नाही, त्याचं माप वेगळं, तासाला मायक्रोग्रॅममध्ये. त्याची वेगळी ओळ, कधी लावला, कुठे लावला, ७२ तासांनी कधी बदलायचा. पॅच लावल्यावर पूर्ण असर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, म्हणून पहिल्या दिवशी मधल्या गोळ्या जास्त दिसल्या तर लगेच पॅच फेल गेला असं समजू नका.

दुखणं पेशंटने सांगितलेलंच लिहायचं. ते ६ म्हणाले आणि तुम्हाला चेहऱ्यावरून ३ वाटलं, तरी ६. बोलताच येत नसेल तर आकडा टाकू नका, कण्हतायत, कपाळावर आठ्या, हात लावू देत नाहीत असं शब्दात लिहा. आकडा विचारायला झोपेतून मात्र उठवायचं नाही. ठरलेल्या दोन-तीन वेळा आणि गोळीच्या आधी-नंतर, याहून जास्त विचारलं की माणूस दिवसभर आपल्या दुखण्याचाच विचार करत बसतं. हा एका चार्टचा खरा तोटा आहे, आणि वही-कॅलेंडरवाले तो मला दाखवतात तेव्हा मी नाही म्हणत नाही.

इंदूरच्या घरांतली एक अडचण

आपल्याकडे एका पेशंटभोवती तीन भाषा असतात. घर मराठी, दिवसाची बाई हिंदी, डॉक्टर इंग्रजीत लिहिणार. वहीत सून मराठीत छान लिहिते, बाई तिला जमेल तसं, आणि ओपीडीत कोणी वाचत नाही. चार्टमध्ये बहुतेक माहिती आकड्यांत आणि खुणांत असते म्हणून तो तिघांनाही वाचता येतो. रकान्यांची नावं मी "दर्द पहले" आणि "दर्द बाद में" अशी हिंदीत केलेली पाहिलीत, काही बिघडत नाही. लिहिणाऱ्याची सही किंवा एक अक्षर मात्र प्रत्येक ओळीला, म्हणजे दोघींनी एकच गोळी दोनदा लिहिली तर पकडता येते, आणि दोघींनी खरंच दोनदा दिली असेल तर तेही.

व्हॉट्सअॅपचा खरा फायदा इथे येतो. रोज सकाळी ८ ला भरलेल्या पानाचा एक फोटो ग्रुपवर. देवास-धारकडून येणाऱ्या पेशंटला दर वेळी गाडी करून आणणं म्हणजे त्या हाडांना शिक्षा, बरेच डॉक्टर फोटो बघून फोनवर डोस सांगतात. पण फोटोच, वेगवेगळे मेसेज नकोत.

यादीसारखा की चौकटींचा

वर दाखवला तो यादीसारखा चार्ट, घटना घडली की एक ओळ. दुसरा प्रकार चौकटींचा, आडवे २४ तास आणि खाली सात दिवस, एसआरला काळा ठिपका, मधलीला गोल, त्यात आकडा. चौकटींच्या चार्टवर सात दिवसांचे पहाटेचे गोल एकाखाली एक उभे दिसले की कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पण त्या चौकटीत आधी, नंतर आणि कारण हे तीनही मावत नाही. माझ्या मते डोस नवीन सुरू झाला किंवा बदलला की आठवडाभर यादी, मग दुखणं बसलं की चौकटी. एकातून दुसऱ्यात उतरवत बसू नका, उतरवताना आकडे बदलतात.

मग कोणी काय निवडायचं

डोस नवीन आहे, बदलतोय, मधल्या दोनहून जास्त लागतायत, किंवा देणारी माणसं एकाहून जास्त आहेत, तर एकच चार्ट, यादीचा. दुखणं आठवडेच्या आठवडे ३ च्या खाली आहे, मधली कधीतरी एखादी, देणारं माणूस एकच, तर कालनिर्णय पुरे, फक्त मधली घेतली त्या दिवशी वेळ आणि कारण लिहा. नुसत्या व्हॉट्सअॅपवर मात्र कोणीच राहू नका. मोबाईलची अॅप्स येतात, गोळीची आठवण करायला बरी, पण फोन ज्याच्या खिशात तो ऑफिसला गेला की बाई लिहिणार कुठे, म्हणून घरात कागदच टिकतो.

मावशींचं डॉक्टरांनी ४०-४० केलं आणि आंघोळीच्या पाऊण तास आधी १० ची मधली. एसआर बदलल्यावर दोन दिवस तरी जाऊ द्यायचे, लगेच निष्कर्ष काढायचा नाही. तिसऱ्या दिवसाच्या पानावर पहाटेची ओळ नव्हती, संध्याकाळी पडून ३, आंघोळीला ४, आणि दुपारी जेवायला बसवताना मात्र ६, तिथे गोळी घेतली होती. एकूण १०० च, ८० अधिक दोन मधल्या. आकडा तोच दिसतो म्हणून कोणी विचारेल मग बदललं काय, तर पहाटे जाग येत नाही आणि मावशी दुपारी जाग्या असतात, बोलतात. जेवणाचं पलंगावरच टेकून जमतंय का ते बघायचं ठरलं आणि रेडिएशनची तारीख घेतली. रेडिएशननंतर पुढच्या आठवड्यांत हालचालीचे आकडे उतरायला लागले आणि झोपाळूपणा वाढला तर डोस कमी करायला डॉक्टरांना विचारायचं आहे, दुखणं कमी झालं की तेवढंच मॉर्फिन जड होतं. ते आपल्या मनाने कमी करायचं नाही.

आणि चार्टच्या पाठीमागे रोज उरलेल्या गोळ्या मोजून लिहा, एसआर किती, मधल्या किती. २०१४ साली एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन मॉर्फिन मान्यता मिळालेल्या संस्थांमधून देणं सोपं झालं, तरी गल्लीतल्या मेडिकलवर ते मिळत नाही. शनिवारी रात्री कळलं की उद्याच्या एसआर नाहीत तर सोमवारपर्यंत काही करता येत नाही. रोजच्या वापराला भागून पाच दिवसांच्या उरल्या की चिठ्ठीसाठी फोन करा. मोजलेल्या गोळ्या आणि पानावर लिहिलेल्या गोळ्या जुळत नसतील तर ओळ राहिलीय, दोनदा दिली गेलीय किंवा गोळी कुठेतरी गेलीय, घरात लहान मुलं असतील तर हे त्याच दिवशी शोधायचं, आणि डब्या कुलपात.